इन्स्टावर पिन केलेली पोस्ट आणि लग्नाच्या फोटोंसाठी विचारणा: तुमचे अनुभव लिहा

वैशाली_दारव्हा: काल भाचीच्या साक्षगंधात एका काकांनी मोबाईल पुढे केला, "हा फोटोवाला कसा आहे पाय बरं." सगळ्यात वर पिन होती चिखलदऱ्याची ड्रोन रील. काका म्हणाले, "यात आपल्यासारखं लग्न कुठं आहे?" मला आमच्या स्टुडिओची गोष्ट आठवली. इन्स्टाचे मेसेज मीच पाहते. आमच्याही वर अशीच रील होती, तेव्हा मेसेज यायचे, "लोकेशन कुठलं?" तुळशीच्या लग्नानंतर तिच्या जागी एकाच लग्नाचे फोटो क्रमाने लावलेली एक पोस्ट पिन केली: हळद, भरदुपारचा मांडव, मामा नवरीला घेऊन येताना, पंगत, पाठवणी. खाली गाव, कॅमेरे किती, अल्बम कधी मिळतो आणि व्हॉट्सॲप नंबर. मग मेसेज येऊ लागले, "१२ मे रिकामी आहे का?" तुमच्याकडे काय चाललं?

निखिल_पुसद: ज्याला सगळ्यात जास्त व्ह्यूज तीच पिन करायची ना भाऊ. लोकं आकडा पाहून थांबतात.

गजाननभाऊ_मूर्तिजापूर: थांबतात, पण कोण? रील कुठल्याही शहरात फिरते, तिथला माणूस आपल्याले बोलवत नाही. व्ह्यूजपेक्षा त्या पोस्टवरून प्रोफाईलवर किती आले अन् कितीजणांनी ती पुढे पाठवली, हे पाहा. आपल्याकडे पोरगी पाहते, ठरवतो तिचा भाऊ नाहीतर काका. त्यायले पाठवता येईल अशी पोस्ट पाहिजे. अन् फोन आला की विचारून घ्या, काय पाहून फोन केला. व्हॉट्सॲपवर फिरलेलं इन्स्टा दाखवत नाही. सीझनमध्ये एक पोस्ट निदान दोन आठवडे राहू द्या. रोज बदललं तर काहीच समजत नाही.

रेखा_परतवाडा: आमच्या मांडवात पिवळं कापड होतं, सगळे चेहरे हळदीसारखे आले. असे फोटो पिन करायचे कसे?

गजाननभाऊ_मूर्तिजापूर: ताई, फ्लॅश कापडावर मारला की तोच पिवळा रंग परत येतो. मांडवाच्या कडेला, उघड्या उजेडाकडे तोंड करून घ्या. अन् पहिला फोटो असा ठेवा की चेहरा मधोमध राहील. ग्रीडमध्ये चौकोन जाऊन उभा आकार आला तवापासून बऱ्याच जुन्या पोस्टचे काठ कापले गेले.

रेखा_परतवाडा: बरं झालं सांगितलं भाऊ. पुढच्या महिन्यात नणंदेचं आहे.

सोनू_दिग्रस: एका घरच्यांनी पिन केलेला पाठवणीचा फोटो हटवायला लावला. पोरगी रडताना वर्षभर सगळ्यात वर नको म्हणे. पटलं मला. आता पिन करायच्या आधी दोन्हीकडच्यांना वेगळं विचारतो.

वैशाली_दारव्हा: हे फार महत्त्वाचं. आम्ही नवरीला विचारतो, घरच्यांना नाही.

निखिल_पुसद: तीन पिन करता येतात, मग एक रील राहू दे ना?

गजाननभाऊ_मूर्तिजापूर: राहू दे. पण शेवटी पिन केलेली पहिली दिसते, म्हणून लग्नवाली सगळ्यात शेवटी कर.

सोनू_दिग्रस: अन् भाव लिहायचा का त्यात?

वैशाली_दारव्हा: मी नाही लिहीत. गावातलं एका दिवसाचं लग्न अन् नागपूरच्या हॉलमधलं दोन दिवसांचं, एक आकडा बसत नाही.

सोनू_दिग्रस: मी "इतक्यापासून" असं लिहितो. फोन कमी येतात, पण घासाघीसही कमी होते.