गाठ काढण्याआधी एमआरआयसाठी कोल्हापूर गाठायचं का?

सुप्रिया, देवगड: बहीण ३४ वर्षांची, एक मुलगा आहे, दुसरं मूल हवंय. पाळीत आठवडाभर भरपूर जातं, कळा अंथरुणावरून उठू देत नाहीत, हिमोग्लोबिन ८.६. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशयाच्या ‘मागच्या भिंतीत ५.२ × ४.५ सेंमी फायब्रॉइड’, म्हणजे स्नायूची गाठ. दुर्बिणीतून गाठ काढायची तारीखही मिळाली. दुसऱ्या डॉक्टर म्हणतात, अ‍ॅडेनोमायोसिस असेल. गगनबावड्याचा घाट चढून एमआरआय करायलाच हवा का?

अनघा, रेडिओलॉजिस्ट, रत्नागिरी: आधी आतून, म्हणजे योनीमार्गातून, सोनोग्राफी करून घ्या. पोटावरून बघताना मागची भिंत लांब पडते, तिथे फसगत सहज होते. आतून बघितलं की गाठीची कड शोधायची. फायब्रॉइड आजूबाजूच्या स्नायूला ढकलत वाढतो, त्यामुळे कड स्वच्छ दिसते आणि डॉपलरवर रक्तवाहिन्या गाठीला वळसा घालून जातात. अ‍ॅडेनोमायोसिसमध्ये आतल्या अस्तरासारख्या पेशी स्नायूतच शिरलेल्या असतात. कड कुठे संपते ते सांगता येत नाही, रक्तवाहिन्या सरळ आरपार जातात, मध्ये बारीक काळ्या पोकळ्या दिसतात, सावल्या पंख्यासारख्या पसरतात. रिपोर्टमध्ये नुसतं माप असेल, कड आणि रक्तप्रवाहाबद्दल अक्षर नसेल, तर त्या रिपोर्टवर ऑपरेशन ठरवू नये.

महेश, चिपळूण: एवढं कशाला? एमआरआयमध्ये जंक्शनल झोन, म्हणजे अस्तराला लागून असलेला स्नायूचा थर, १२ मिमीच्या वर गेला की अ‍ॅडेनोमायोसिस, नाहीतर फायब्रॉइड. एका दिवसात निकाल.

अनघा: १२ चा आकडा बरोबर, पण तो एकटा पुरत नाही. पाळीच्या दिवसांत हा थर जाड दिसतो. तपासणी चालू असताना गर्भाशय आकुंचन पावलं, तरी तिथे काळा पट्टा उमटतो. तो खरा की तात्पुरता हे कळायला काही मिनिटांनी तेच चित्र पुन्हा घ्यायचं. आकुंचन असेल तर पट्टा जातो किंवा जागा बदलतो. शिवाय पाळी बंद ठेवणारी इंजेक्शनं चालू असतील तर थर बारीक होतो, आजार असून सुटतो. टी-२ चित्रात त्या काळ्या भागात पांढरे ठिपके दिसले तर माझा विश्वास जास्त बसतो. आणि १२ च्या खाली म्हणजे फायब्रॉइड, असं तर अजिबातच नाही.

रोहिणी, कणकवली: माझी पिशवी काढली, सुटले एकदाची. आधी हार्मोनचं ते टी-सारखं साधन बसवलं होतं, तिसऱ्या महिन्यात पाळीबरोबर पडलं. बहिणीलाही पिशवीच काढायला सांगा.

वर्षा, स्त्रीरोगतज्ज्ञ, कुडाळ: रोहिणीताई, तिला मूल हवंय, पिशवी काढायचा विषयच नाही. मात्र साधनाचं तुम्ही सांगितलंत ते होतं. आतली पोकळी गाठीने वाकडी झाली असेल किंवा रक्तस्राव फार असेल, तर ते निसटतं.

अनघा, तुमच्याशी मी एका ठिकाणी सहमत नाही. आतून केलेल्या सोनोग्राफीत शंका उरली, तर चाकू लावण्याआधी एमआरआय हवाच. फायब्रॉइडला आवरण असतं. त्यावर छेद दिला की गाठ सोलून बाहेर येते आणि स्नायू पुन्हा थरांनी शिवता येतो. अ‍ॅडेनोमायोसिसच्या गाठीला असं सोलायला पातळीच नसते. सर्जन कापत जातो, रक्त वाहत राहतं, गाठीबरोबर चांगला स्नायूही निघतो, तरी आजार मागे उरतो. पुढच्या गरोदरपणात तीच कमकुवत जागा फाटण्याची भीती. टेबलावर पोट उघडल्यावर हे कळणं फार उशिराचं. दोन्ही आजार एकत्रही असतात. तेव्हा किती भाग कुठला, हे एमआरआयच नीट दाखवतो.

अनघा: शंका उरली तर, हे मान्य. सरसकट नाही. चांगल्या हाताने आतून बघितलं की पुष्कळदा घाट चढावा लागत नाही.

सुप्रिया: मग तारीख रद्द करायची? अ‍ॅडेनोमायोसिस निघालं तर काय देतात?

वर्षा: पुढे ढकला. ८.६ वर कुणी घाईने चाकू लावूही नये. लोह सुरू करा. गोळ्या सोसत नसतील तर शिरेतून. जास्त जाणाऱ्या दिवसांत ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड चालतं, पण कधी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली असेल तर नाही. अ‍ॅडेनोमायोसिस ठरलं तर डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी, २ मिग्रॅ रोज, काही महिने. कळा बऱ्याच कमी होतात, सुरुवातीला मधूनमधून डाग पडतात. गोळी चालू असताना दिवस राहायची वाट बघायची नाही. हिमोग्लोबिन वाढलं, दुखणं आवरलं की बंद करून प्रयत्न. फायब्रॉइड ठरला, तर या गोळीने गाठ जाईल अशी आशा नको. तेव्हा ऑपरेशनचा विचार योग्य. कळा एवढ्या असल्याने माझा कल अ‍ॅडेनोमायोसिसकडे आहे, पण चित्र न बघता ठरवणार नाही.

महेश: पण अ‍ॅडेनोमायोसिसची एकच मोठी गाठ असेल तर काही सर्जन काढतातच की. मुलं होतातही.

वर्षा: काढतात. मूल राहण्याची शक्यता त्याने खरंच वाढते का, यावर आमच्यातच एकमत नाही. मी आधी औषध देऊन बघते.

सुप्रिया: एमआरआय करायचाच झाला तर कधी?

अनघा: पाळी पूर्ण थांबल्यावर. जुनी सोनोग्राफी बरोबर न्या आणि चालू गोळ्या-इंजेक्शनं फॉर्मवर लिहा.