मदत हवी आहे: डेक्सा 'ठीक', तरी मनगट मोडलं

आई 66 वर्षांची, मधुमेह 15 वर्षांपासून. गेल्या महिन्यात उंबऱ्याला अडखळून पडली आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्याने हाड मोडावं, हे खटकलं म्हणून डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी केली. टी-स्कोअर उणे 1.8, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसच्या, हाडं ठिसूळ होण्याच्या, उणे 2.5 या रेषेच्या अलीकडे. "काळजी नको," असं सांगून डॉक्टरांनी कॅल्शियम लिहून दिलं.

वाचल्यावर कळलं की टाइप 2 मधुमेहात हाडाची घनता बरी दिसते, पण आतली वीण कमकुवत झालेली असू शकते, त्यामुळे डेक्सा धोका कमी दाखवते. शिवाय आईच्या मधुमेहाच्या गोळीत पायोग्लिटाझोन आहे, आणि त्याने बायकांमध्ये फ्रॅक्चरचा धोका वाढतो. हे कोणी विचारलंच नव्हतं!

ड जीवनसत्त्व 14, म्हणजे कमी निघालं. आठवड्याला 60,000 युनिटचं एक पाकीट सुरू आहे. कॅल्शियम कार्बोनेट 500 मिलिग्रॅम, जेवणासोबत. पण गोळ्यांनी पडणं थोडंच थांबणार? तळपाय बधिर आहेत, रात्री उठताना तोल जातो, कधी साखरही उतरते.

डॉक्टरांना भेटण्याआधी विचारायचंय: कुणाच्या घरी पायोग्लिटाझोन बदललं का, त्याऐवजी काय दिलं? असा स्कोअर असूनही हाडांचं औषध सुरू झालं का? आणि पाय बधिर असताना फिजिओथेरपिस्टने तोल सावरायचे, ताकदीचे कोणते व्यायाम दिले? नुसतं चालणं पुरतं, असं वाटत नाही.