घाट संपला तरी भात संपत नाही

"कसारा घाट चढला की लगेच काळी माती, द्राक्षं, कांदा दिसायला लागतो का?"

लगेच नाही हो. ऑक्टोबरात मुंबईहून नागपूरला जाताना डायरीत टिपलं होतं ते सांगतो, कसाऱ्याला गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागली, बोगदे झाले, इगतपुरी आली, म्हणजे सहाशे मीटर उंची, तरी खिडकीबाहेर भातखाचरंच आणि माती तांबूस, कारण पाऊस तिथेही धो धो पडतो आणि मातीतला चुना धुऊन नेतो. घोटी गेली की पाऊस झपाट्याने कमी होतो, आणि मग घाटातल्याच बेसाल्ट खडकाची काळी चिकणमाती व्हायला लागते. निफाडला द्राक्षबागांची छाटणी चाललेली, नुसते उघडे मांडव, पुढे लासलगावकडे कांद्याची रोपं. उन्हाळ्यात गेलात तर याच रानांत हात जाईल एवढ्या भेगा दिसतील.