मदत हवी आहे: हौदाच्या झाकणाचा स्लॅब उचलताना वजन किती हुकांवर धरायचं?

औसा तालुक्यात शेतातल्या हौदावर झाकण टाकायचंय. स्लॅब 2.4 मीटर लांब, 1.5 रुंद, 125 मिमी जाड, म्हणजे 0.45 घनमीटर. सळईसकट 2500 किलो प्रति घनमीटर धरले तर 1125 किलो. आमची चेन पुली 1 टनाची, म्हणून मधोमध दोन तुकडे करून ओतणार. एक तुकडा साधारण 563 किलोचा. क्रेन बांधावरून आत येत नाही.

प्रत्येक तुकड्याला साध्या गोल सळईचे चार हुक ठेवणार. मिस्त्री म्हणतात, चौघांत वाटून 141 किलो. पण एक साखळी जरा जरी लांब झाली तरी ती सैल लोंबते, भार उरलेल्यांवर जातो. मग प्रत्येक हुक दोघांच्याच हिशोबाने, 282 किलोला धरायचा का? आणि साखळ्या 60 अंशांत तिरक्या असतील तर त्यावर किती वाढवायचं?