मदत हवी आहे : जर्मन मालक कंपनीला विकलेल्या बुशचा दर आर्म्स लेंग्थ कसा दाखवायचा?

नमस्कार. वाळूजच्या आमच्या कारखान्यातला एकच बुश दोघांकडे जातो. जर्मनीतल्या मालक कंपनीला १८२ रुपयांना, पुण्याच्या एका त्रयस्थ गिऱ्हाइकाला २०० रुपयांना. ड्रॉइंग आणि मटेरियल तेच आहे, मालाची संख्याही जवळपास सारखी.

पुण्याच्या दरात पोहोच भाडं ६ रुपये आणि ६० दिवसांच्या उधारीचं व्याज सुमारे ३ रुपये आहे. मालक कंपनी माल फॅक्टरीतून उचलते, पैसे लगेच देते. म्हणून तुलनेचा दर १९१ धरला. तिच्या मालासाठी डायही तिचीच आहे, पुण्याच्या मालाला आमची. आमच्या डायची झीज नगामागे ४ रुपये धरली तर दर १८७ वर येतो. मग फरक ५ रुपये, म्हणजे १८२ च्या ३ टक्क्यांच्या (५.४६ रुपये) आत. डायची वजावट नाकारली तर फरक ९ रुपये, आणि तेवढं उत्पन्न वाढणार.

सीए टीएनएमएम सुचवतात, पण डेटाबेसमध्ये सापडलेल्या कंपन्या आमच्यापेक्षा फार मोठ्या आहेत. घरातला थेट दर हाताशी असताना तो सोडणं मला पटत नाही.

डायच्या वजावटीला कोणते कागद लागतात? आणि एक दर देशातला, दुसरा निर्यातीचा, एवढ्यावरून सीयूपी पद्धत फेटाळली जाते का?