भावनिक 'आवाहन' की 'आव्हान'? आणि जाहिरातीतला आकडा कोणत्या बाजूला टाकायचा?

मृणाल (इंदूर):
नमस्कार मंडळी, एक शब्द अडलाय आणि त्याच्यापायी अख्खी असाइनमेंट अडलीये. मी इथे इंदूरात राहून महाराष्ट्रातल्या एका संस्थेचा मीडिया मार्केटिंगचा कोर्स करते, उत्तरं मराठीत लिहायची असतात. पेपरातली एक छापील जाहिरात घेऊन तिच्यात रॅशनल अपील कुठे आणि इमोशनल अपील कुठे ते दाखवायचंय. तर 'भावनिक आवाहन' लिहू की 'आव्हान'? आमच्याकडे हिंदीत 'आह्वान' म्हणजे हाक देणं, त्यामुळे कानाला 'आव्हान'च बरोबर वाटतं.

जाहिरात वॉटर प्युरिफायरची आहे, हिंदी पेपरात अर्धं पान, मी मराठी करून सांगते. वर मोठा फोटो, शाळेच्या ड्रेसमधली लहान मुलगी दोन्ही हातांनी ग्लास धरून पाणी पितेय, मागे आई काळजीने बघतेय. हेडलाइन 'ती विश्वासाने पिते. तुम्हाला खात्री आहे?' खाली ठळक '९९.९९% जिवाणूंपासून संरक्षण' आणि त्यावर बारीक चांदणी, मग '९ टप्प्यांत शुद्धीकरण' म्हणून नऊ गोल चिन्हं, एक पांढऱ्या कोटातला माणूस, शेवटी किंमत, महिन्याचा हप्ता आणि 'ऑफर रविवारपर्यंत'.

संदीपदादा (उज्जैन):
आवाहन लिही गं. आव्हान म्हणजे मराठीत चॅलेंज, हिंदीवाले ज्याला चुनौती म्हणतात ते. 'भावनिक आव्हान' वाचून तपासणाऱ्याला वाटेल कुणाला तरी मानसिक त्रास आहे. आणि 'भावनात्मक' पण हिंदी वळणाचं वाटतं, 'भावनिक' पुरे. बाकी असाइनमेंट सोपी आहे, आकडे, टप्पे, किंमत हे सगळं रॅशनल आणि फोटो, आई, मुलगी हे इमोशनल, दोन रकाने कर आणि मोकळी हो.

शुभाकाकू (इंदूर, सुदामा नगर):
मृणाल, प्युरिफायर घेत असशील तर आधी पाणी तपासून घे बाई. आमच्याकडे दोन नळ, एक नर्मदेचा आणि एक बोअरिंगचा. अशीच जाहिरात बघून आरओ घेतला, नंतर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजणारा आला तर बोअरिंगचं पाणी खूप जड निघालं पण नर्मदेचं चांगलं कमी होतं, आणि प्यायला आम्ही नर्मदेचंच घेतो. मग कशाला घेतला असं झालं. वाया जाणारं पाणी आता बादलीत धरून फरशी पुसते. कोणत्या कंपनीचा घेतेयस?

मृणाल:
काकू, घेत नाहीये, जाहिरातीचा अभ्यास करायचाय फक्त :) पण तुमचं हे मला उपयोगी पडेल असं वाटतंय.

जुना कॉपीवाला (बडोदा):
पडेलच. मी बरीच वर्षं एजन्सीत कॉपी लिहिली, म्हणून सांगतो.

शब्दाबद्दल संदीपराव बरोबर, 'आवाहन'च. 'तर्काधिष्ठित आवाहन' पुस्तकी आहे पण परीक्षेत चालतं. आम्ही आपसात म्हणायचो 'हे डोक्याला आहे की पोटाला'. पण ते दोन रकाने मला मान्य नाहीत. आकडा दिसला की रॅशनल आणि फोटो दिसला की इमोशनल ही वाटणी दिसण्यावरून झाली. बघायचं असतं की ती गोष्ट वाचकाकडून काय करून घेते, त्याला काही तोलायला देते की नुसतं वाटायला लावते.

तुझ्या जाहिरातीतला ९९.९९ घे. मनातल्या मनात तिथे ९९.९ लिही. जाहिरात वाचताना काही फरक पडला का? आईला तर नाहीच पडणार. खरं तर फरक मोठा आहे, एक लाख जिवाणू धरले तर पहिल्यात दहा उरतात आणि दुसऱ्यात शंभर. म्हणजे दहापट फरक होऊनही वाचणाऱ्याला जाणवत नसेल तर तो आकडा तिथे पुरावा म्हणून बसलेला नाही, धीर द्यायला बसलाय. पुरावा व्हायचा तर सोबत यायला हवं की कोणते जिवाणू, कुठल्या पाण्यात, आणि कशाच्या तुलनेत, कारण पाणी चांगलं उकळलं तरी जिवाणू मरतातच. ती चांदणी कुठे जाते ते तळाशी शोध, बहुतेक 'प्रयोगशाळेतील चाचणीनुसार' एवढंच बारीक अक्षरात असेल. ते असाइनमेंटमध्ये जसंच्या तसं उतरव.

आता काकूंचं. उकळून जिवाणू मरतात पण विरघळलेले क्षार जात नाहीत, त्यासाठी आरओ. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो म्हणतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत. म्हणजे आरओ घ्यायचा की नाही याचं खरं डोक्याचं कारण आहे 'तुमच्या नळाचा टीडीएस किती'. आणि ते कारण या जाहिरातीत आहे का? मृणालने सांगितलेल्यात तरी नाही. जाहिरातीने कोणता आकडा दिला याच्याइतकंच कोणता दिला नाही हेही लिहायचं असतं, आणि मला तर तेच जास्त महत्त्वाचं वाटतं.

संदीपदादा:
पण नऊ टप्पे तरी रॅशनलच ना? फीचर्स आहेत ती.

जुना कॉपीवाला:
नऊतले किती टप्पे तुम्हाला समजले? पेटी आणि कासिओपो या मानसशास्त्रज्ञांचा १९८४ चा प्रयोग आहे. कॉलेजच्या मुलांना सांगितलं की पदवीआधी एक मोठी परीक्षा लावायचा विचार आहे, त्याच्या बाजूने काहींना तीन मुद्दे दिले आणि काहींना नऊ. ज्यांना परीक्षा आपल्यालाच द्यावी लागेल असं वाटत होतं त्यांनी मुद्दे पारखले, म्हणजे फुसके मुद्दे नऊ दिले तर उलट कमी पटलं. ज्यांच्यावर ती येणारच नव्हती त्यांना नऊ मुद्दे फुसके असले तरी तीनपेक्षा जास्त पटले. त्यांनी मुद्दे नुसते मोजले. पेपर चाळणारा माणूस या दुसऱ्या मुलांसारखा असतो, त्याला नऊ गोल दिसतात. पण ज्याच्या घरचा फिल्टर कालच बंद पडला तो तेच नऊ गोल चष्मा लावून वाचेल, आणि त्याच्यासाठी ते रॅशनल होईल. म्हणून वाचक कोण ते धरल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही.

मृणाल:
म्हणजे मी आधी लिहायचं की वाचक कोण, मग एकेक भाग घ्यायचा. मी हे करून बघितलं, मुलीच्या जागी चाळिशीचा माणूस पाणी पितोय असं मनात आणलं आणि हेडलाइन तीच ठेवली, तर जाहिरात कोसळतेच, 'तो विश्वासाने पितो' वाचून काहीच होत नाही. म्हणजे फोटो आणि हेडलाइन मिळून एकच आवाहन आहे, भीतीचं, आणि ९९.९९ हे त्याच भीतीवरचं औषध. किंमत आणि हप्ता मात्र मी डोक्याच्या बाजूला ठेवलेत कारण ते खरंच दुसऱ्या मशीनशी तोलता येतात.

जुना कॉपीवाला:
उत्तम. फक्त हप्त्याशेजारी रविवार आहे तो विसरू नकोस, तो तोलू देत नाही, घाई करतो. आणि फोटो म्हणजे भावनाच असंही लिहू नकोस, त्याच जागी फिल्टर मधोमध कापून आतले थर दाखवले असते तर तो फोटो रॅशनल झाला असता.

शुभाकाकू:
मला त्या पांढऱ्या कोटवाल्याचं सांगा. मी तर त्यालाच बघून घेतला होता. डॉक्टर सांगतो म्हणजे विचार करूनच ना? त्याला भावना कसं म्हणायचं?

संदीपदादा:
बरोबर बोलताय काकू, जाणकाराचं ऐकणं हे डोक्याचंच काम आहे.

जुना कॉपीवाला:
जाणकार असेल तर. त्याचं नाव, पदवी काही छापलंय का? कोट तर कुणालाही घालता येतो. ॲरिस्टॉटलने याला तिसराच कप्पा दिला होता, बोलणाऱ्याच्या विश्वासार्हतेचा, म्हणून मी त्याला वेगळा ठेवतो.

मृणाल:
नाव नाहीये, आत्ता भिंग लावून बघितलं. पण प्रश्नात दोनच कप्पे विचारलेत, तिसरा काढला तर मार्क जातील अशी भीती वाटते.

संदीपदादा:
दोनातच बसव. मी अजूनही रॅशनलमध्येच टाकीन, बिननावाचा असला तरी.

जुना कॉपीवाला:
मी नाही टाकणार.