मदत हवी आहे: ऑडिशनला १५ सेकंदांत ओळख कशी करून द्यायची? (शनिवारी आहे)

निफाडकर_७
क्विझ शोचं ऑडिशन आहे, येत्या शनिवारी. १५ सेकंदांत स्वतःची ओळख सांगायची, त्यात 'लक्षात राहील अशी एक गोष्ट' हवी असं मेसेजमध्ये लिहिलंय. मी हे लिहिलंय, यात काय कमी करू ते पटकन सांगा:

"नमस्कार, माझं नाव अमुक अमुक. मी मूळचा निफाड तालुक्यातला असून सध्या नाशिकला सिडकोत राहतो. माझं शिक्षण बी.कॉम. झालं आहे. माझ्या घरी आई, बाबा, बायको आणि दोन मुली आहेत. मी एका व्यापाऱ्याकडे कामाला आहे. मला वाचनाची, क्रिकेटची आणि गाण्याची आवड आहे. लहानपणापासून या कार्यक्रमात येण्याचं माझं स्वप्न होतं. ही संधी दिल्याबद्दल मी आपला मनापासून आभारी आहे."

२४ सेकंद लागतात. भरभर म्हटलं तर १९. अजून भरभर म्हणू का?

गंगापूररोडवाली
फ्रेशर आहात की अनुभवी? मुलाखतीत शिक्षण आधी सांगायचं, मग अनुभव, शेवटी पगाराची अपेक्षा. घरच्यांचं काही सांगायचं नाही.

निफाडकर_७
ताई, नोकरी नाही हो. टीव्हीचं क्विझ.

रेकॉर्डिंगवाला
भरभर अजिबात नको. मराठीत समोरच्याला नीट कळेल अशा वेगात सेकंदाला सव्वादोन-अडीच शब्द जातात. १५ सेकंदांचे ३५ शब्द झाले. तुमचे ५५ आहेत. वेग वाढवला की पहिलं बळी जातं ते नाव, कारण ते सगळ्यात आधी येतं आणि तेव्हा ऐकणारा अजून कान लावतच असतो.

३५ सुद्धा भरू नका. १२-१३ सेकंदांत संपेल एवढंच लिहा. घरी घड्याळ लावून म्हणताना १५ बसलं की तिथे श्वास, अडखळणं, एखादा 'अं' धरून १७ होतं आणि शेवटचं वाक्य तुटतं. लोक नेमकी मुद्द्याची गोष्ट शेवटच्या वाक्यात ठेवतात.

आणि मोबाइल आडवा धरा, लेन्सकडे बघा, पंखा बंद करा, बोलण्याआधी एक सेकंद शांत राहा.

पंचवटीकर
मोबाइल कुठून आला मध्येच? व्हिडिओ पाठवायचाय की प्रत्यक्ष जायचंय हे त्यांनी लिहिलंच नाहीये.

निफाडकर_७
प्रत्यक्षच. नाशिकलाच आहे, हॉलमध्ये. टोकन मिळणार. तीन परीक्षक आणि बाजूला कॅमेरा. हे सांगायला पाहिजे होतं का?

रेकॉर्डिंगवाला
पाहिजे होतं की! मग मोबाइल, पंखा, लेन्स सगळं विसरा. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, परीक्षकांकडे बघायचं. मधल्याकडे बघून सुरुवात करा, शेवटचं वाक्यही त्याच्याकडेच बघून म्हणा. तिघांवर नजर फिरवत बसलात तर पाठ केलेलं म्हणताय असं दिसतं. 'कॅमेऱ्यात बघा' असं त्यांनी सांगितलं तरच तिकडे बघा.

चारोळी_सिडको
माझं ऐका, यमक जुळवा. "नाशिकचा मी, गोदेचा काठ, प्रश्न विचारा, उत्तर पाठ." चार ओळीत काम होतं आणि सगळ्यांच्या लक्षात राहतं.

पंचवटीकर
त्या रांगेत शंभर जण असतील तर त्यातले वीस जण गोदाकाठ, द्राक्षं, मिसळ आणि रामकुंडावर यमक जुळवून आलेले असतील. ऑडिशन नाशिकला आहे, तिथे 'मी नाशिकचा' ही लक्षात राहणारी गोष्ट होतच नाही. मुंबईला असतं तर वेगळं.

चारोळी_सिडको
टीव्हीवर यमक चालतं. मी सांगतोय ते करून बघा.

पंचवटीकर
टॅलेंट शोला चालेल. क्विझला परीक्षक बघतो की या माणसाशी दोन मिनिटं गप्पा होतील का. यमकाला पुढचा प्रश्न विचारता येत नाही. 'वाचनाची आवड'लाही नाही. 'आवडतं पुस्तक कोणतं' यापुढे गाडी जात नाही. तपशील असा हवा की ऐकल्यावर समोरच्याच्या तोंडून आपोआप प्रश्न निघेल, आणि जमलं तर तो तिथल्या तिथे तपासता येईल.

निफाडकर, 'व्यापाऱ्याकडे कामाला' म्हणजे नक्की काय करता?

निफाडकर_७
त्यात सांगण्यासारखं काही नाही. लासलगावला कांद्याच्या खळ्यावर, म्हणजे व्यापाऱ्याच्या माल उतरवायच्या आवारात, दिवाणजी आहे. लिलाव झाला की ट्रॅक्टर भुईकाट्यावर जातो, मग खळ्यावर माल खाली होतो, रिकामी ट्रॉली परत काट्यावर. भरल्यातून रिकामं वजा केलं की निव्वळ वजन. त्याला भावाने गुणायचं, हमाली-तोलाई वजा करायची, हिशोबपट्टी करून शेतकऱ्याला द्यायची. दिवसभर तेच. छंदांपैकी कोणता ठेवू ते सांगा ना.

रेकॉर्डिंगवाला
गुणाकार कशावर करता?

निफाडकर_७
तोंडीच. कॅल्क्युलेटर असतो टेबलावर, पण तो शेतकऱ्याला दाखवायला. नाहीतर त्याला वाटतं फसवलं.

पंचवटीकर
अहो, हेच की! छंदांच्या यादीत शोधत बसलात आणि 'व्यापाऱ्याकडे कामाला आहे' या तीन शब्दांत ते पुरून टाकलंत. २३ क्विंटल ४० किलो, भाव १६७५. सांगा.

निफाडकर_७
३९,१९५. तेवीसचे ३८,५२५, वरच्या चाळीस किलोचे ६७०.

भगूरचा_बाळ्या
केलं कॅल्क्युलेटरवर. बरोबर आहे. पाच मिनिटांनी उत्तर आलंय पण 😄

निफाडकर_७
जेवत होतो भो.

पंचवटीकर
मग बाकी सगळं कापा. बी.कॉम., घरचे, तिन्ही आवडी, स्वप्न, आभार. स्वप्न आणि आभार तर प्रत्येकाच्या ओळखीत असतात, त्यातच तुमचे १५ शब्द जातायत. मी असं करेन:

"नमस्कार. मी अमुक अमुक, लासलगावच्या कांदा खळ्यावर हिशोबपट्टी लिहितो. ट्रॉलीचं वजन आणि भाव सांगा, पट्टीची रक्कम तोंडी सांगतो. कॅल्क्युलेटर शेतकऱ्याच्या समाधानासाठी ठेवलाय."

२२ शब्द. सावकाश म्हटलं तरी ११-१२ सेकंद.

मखमलाबादची_आई
माझी मुलगी आठ वर्षांची आहे, गाण्याच्या शोला नेणार आहे. तिने काय सांगावं? 'मला मोठी गायिका व्हायचंय' असं शिकवलंय.

रेकॉर्डिंगवाला
ताई, ते वाक्य मोठ्यांचं आहे हे लगेच कळतं. नाव, वय आणि तिच्या रोजच्या जगातली एखादी गोष्ट, उदा. रियाझ कुठे करते, कोण ओरडतं. तेही पाठ करून घेऊ नका, तिलाच विचारा आणि ती म्हणेल तसं ठेवा. वेगळा धागा काढलात तर बरं.

निफाडकर, पंचवटीकरांचा मजकूर चांगला आहे पण क्रम बदला. 'ट्रॉलीचं वजन आणि भाव सांगा'नेच सुरुवात करा, नाव शेवटी. पहिल्या दोन सेकंदांत परीक्षकाचं डोकं वर आलं पाहिजे, नाहीतर तो फॉर्मच वाचत बसतो.

पंचवटीकर
पटत नाही. नाव शेवटी गेलं आणि परीक्षकाने मध्येच 'अच्छा, सांगा बरं' म्हणून तोडलं तर नाव राहूनच गेलं. शिवाय प्रक्षेपणात नावाची पट्टी टाकायची असते, ती माणूस नाव घेतो तिथे छान बसते.

रेकॉर्डिंगवाला
नावाची पट्टी कुठेही टाकता येते. टोकनवर नाव असतंच. तोडलं म्हणजे उलट तुमचं काम झालं.

पंचवटीकर
'नमस्कार' तरी आधी ठेवा. तो एक शब्द वाया गेला तरी चालतो. आवाजाची पातळी लागेपर्यंत, समोरच्याने मान वर करेपर्यंत तोच खर्ची पडतो, नाव वाचतं. बाकी क्रम निफाडकरांनी दोन्ही म्हणून बघावेत.

निफाडकर_७
'हमाली-तोलाई वजा करून' हे टाकू का? खरा हिशोब तोच असतो.

पंचवटीकर
नको. परीक्षकाच्या हातात मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर असणार. वजन गुणिले भाव त्याला ताडून बघता येतं, हमालीचा दर त्याला कुठे माहीत? जे तपासता येत नाही ते ऐकणाऱ्याला बढाई वाटते.

खरी अडचण दुसरीच आहे. त्याला क्विंटल आणि ट्रॉलीचा अंदाज नसेल. तो म्हणेल, 'पाचशे किलो, भाव पस्तीस रुपये'. म्हणजे किलोचा भाव. तुमचं डोकं क्विंटलवर चालतं, तिथे एक शून्य इकडचं तिकडे झालं की संपलं.

निफाडकर_७
१७,५००. पण हो, मनात आधी पाच क्विंटल आणि ३५०० केलं.

पंचवटीकर
तेच मोठ्याने म्हणा. 'म्हणजे पाच क्विंटल, साडेतीन हजार भाव' एवढं परत म्हटलं की परीक्षकालाही आकडे पक्के होतात आणि तुम्हाला दोन सेकंद मिळतात. शिवाय तो मुद्दाम २७ क्विंटल ८५ किलो आणि १८४३ असलं काही देईल. तेव्हा घाई करून चुकण्यापेक्षा टप्पे मोठ्याने बोलत जा, तुम्ही मघाशी 'तेवीसचे इतके, वरच्या चाळीसचे इतके' लिहिलंत तसं. उत्तरापेक्षा ती पद्धतच ऐकायला मजा येते.

भगूरचा_बाळ्या
५१,३२७ रुपये ५५ पैसे. कॅल्क्युलेटरवर.

निफाडकर_७
पैसे आम्ही पट्टीत सोडतो.

चारोळी_सिडको
आणि उत्तर चुकलं तर? म्हणून म्हणतोय यमक. यमक चुकत नाही.

रेकॉर्डिंगवाला
हा प्रश्न मात्र रास्त आहे. तोंडी करतो म्हणून सांगायचं आणि पहिल्याच आकड्याला अडकायचं, यापेक्षा ते न सांगितलेलं बरं. शनिवारपर्यंत घरात कोणालाही वाट्टेल ते आकडे द्यायला लावा, उभं राहून, समोर तिघांना बसवून. खळ्यावर टेबलाशी बसून जमतं ते उभ्याने जमेलच असं नाही, हात लिहायला शोधतो.

आणि वेळ स्टॉपवॉचवर मोजू नका, बटण दाबण्याकडेच लक्ष जातं. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा, तीनदा. तिन्हींत जे सगळ्यात लांब भरेल ते खरं धरा.

निफाडकर_७
केलं. नाव आधी: १२, ११, १३. नाव शेवटी: ११, ११, १४. शेवटी ठेवलं की मी नावाआधी थांबतोय.

अजून एक. 'खळं' हा शब्द परीक्षकाला कळेल का? मुलींना विचारलं तर धाकटी म्हणाली, धान्य मळायचं ना?

रेकॉर्डिंगवाला
नाही कळणार. 'कांद्याच्या व्यापाऱ्याकडे' म्हणा.

पंचवटीकर
'खळं'च ठेवा. नाही कळलं तर तो विचारेल, हेच तर हवंय.

रेकॉर्डिंगवाला
खळं म्हणजे काय हे विचारण्यात त्याचा एकमेव प्रश्न गेला तर गुणाकार राहिला ना बाजूला!

निफाडकर_७
बायको म्हणते 'खळं' ठेव. बघतो, रांगेत ठरवतो.

मखमलाबादची_आई
दादा, आज लासलगावला काय भाव निघाला? इथे किरकोळीत फार लावतात.